माजी विद्यार्थी नोंदणी आणि ट्रान्स्क्रिप्टचं पाकीट

ताई, मी 2017 साली कराडमधल्या एका कॉलेजातून बी.एस्सी. झाले. कॉलेज शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. माहेर आणि सासर एकाच तालुक्यात, त्यामुळे अजूनही इथेच असते आणि घरूनच नोकरी करते. नवरा कॅनडाच्या कायम वास्तव्यासाठी अर्ज करतोय. त्यासाठी माझ्या पदवीचं मूल्यांकन करून घ्यायचं आहे आणि त्याला ट्रान्स्क्रिप्ट लागतं. नेमका त्याच आठवड्यात बॅचच्या ग्रुपवर कॉलेजचा मेसेज आला: माजी विद्यार्थी संघाचे आजीव सभासद व्हा, वर्गणी 1000 रुपये. मैत्रीण म्हणते, नोंदणी केलीस तर ट्रान्स्क्रिप्ट लवकर मिळेल. नवरा म्हणतो, हा पैसे गोळा करण्याचा प्रकार आहे. 2020 साली कोणीतरी घरी येऊन 'पदवीधर' म्हणून माझा एक फॉर्म भरून नेला होता, ती हीच नोंदणी का? आयईएलटीएसच्या अभ्यासाला घरात निवांतपणा नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात बसू देतील का? आणि खरं सांगायचं तर मी काही मोठी झालेली नाही. त्या यादीत कोणत्या तोंडानं नाव लिहू?
— सातारा जिल्ह्यातील एक वाचक

मैत्रिणीच्या बोलण्यापासून सुरुवात करते, कारण त्यावर विसंबून राहिलीस तर तुझे पंधरा दिवस फुकट जातील. ट्रान्स्क्रिप्ट हे माजी विद्यार्थी संघाच्या हातातलं काम नाही. मी बावीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं आणि त्यातली सहा वर्षं माजी विद्यार्थी संघाचं दप्तर सांभाळलं. त्या काळात सर्वात जास्त वेळा दिलेलं उत्तर हेच: ज्यानं तुझा निकाल जाहीर केला, ट्रान्स्क्रिप्ट त्याच्याकडूनच मिळतं. संलग्न कॉलेजात आपण शिकतो, पण परीक्षा विद्यापीठाची असते आणि गुणांची नोंदही विद्यापीठाच्या परीक्षा विभागात असते. तुझ्या बाबतीत तो विभाग कोल्हापूरला. तू संघाची सभासद असलीस काय आणि नसलीस काय, अर्ज तोच, शुल्क तेच आणि रांगही तीच.

इथे एक गोष्ट तपासून घे. गेल्या काही वर्षांत बरीच कॉलेजं स्वायत्त झाली. स्वायत्त कॉलेज आपल्या परीक्षा स्वतः घेतं आणि त्याचा परीक्षा नियंत्रकही स्वतःचा असतो. पदवी मात्र विद्यापीठाचीच राहते. अशा कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ट्रान्स्क्रिप्टसाठी आधी कॉलेजच्याच परीक्षा विभागाकडे जावं लागू शकतं. पण कॉलेज आज स्वायत्त आहे म्हणून तुझी 2017 ची बॅचही त्यात आली असं नाही. गुणपत्रिका काढ आणि वर कोणाचं नाव आहे, खाली कोणाची सही आहे ते पाहा. विद्यापीठाच्या परीक्षा संचालकांची सही असेल तर कोल्हापूर. ही दोन मिनिटांची तपासणी न केल्यामुळे कॉलेज आणि विद्यापीठ अशा चकरा मारत बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता पाकिटाबद्दल सविस्तर सांगते, कारण खरी अडचण तिथेच होते. कॅनडासाठी बरेच जण डब्ल्यूईएस या संस्थेकडून मूल्यांकन करून घेतात. तिथे खातं उघडलं की तुला एक संदर्भ क्रमांक मिळतो आणि तुझ्या पदवीसाठी कोणती कागदपत्रं लागतील याची यादी खात्यातच दिसते. ऐकीव माहितीपेक्षा ती यादी प्रमाण मान. साधारणपणे पदवी प्रमाणपत्राची प्रत तू स्वतः अपलोड करायची असते आणि गुणांचा तपशील मात्र विद्यापीठाकडून थेट यावा लागतो. तो तू स्वतः पाठवलास तर चालत नाही. त्याकरता खात्यातून अ‍ॅकॅडेमिक रेकॉर्ड्स रिक्वेस्ट फॉर्म डाउनलोड करायचा, आपला भाग भरायचा आणि तो विद्यापीठाच्या अर्जासोबत द्यायचा. विद्यापीठ आपला भाग भरतं, गुणांचा तपशील पडताळतं, सगळं पाकिटात घालून बंद करतं आणि पाकिटाच्या झाकणावरून सही-शिक्का मारतं. ते पाकीट कुरिअरनं गेलं तरी चालतं, पण घरी आणून 'आत सगळं नीट आहे ना' म्हणून उघडलंस तर ते बाद. बाहेरच्या बाजूला संदर्भ क्रमांक ठळक लिहिलेला हवा. तो नसला तर पाकीट पोचतं, पण तुझ्या खात्याशी जोडलं जात नाही आणि तू महिनाभर 'प्रतीक्षेत' हाच शब्द बघत बसतेस.

एका मुलाची गोष्ट सांगते. तो आमच्याच कॉलेजचा आणि परदेशात नोकरीला होता. त्यानं भावाला अधिकारपत्र देऊन विद्यापीठात अर्ज करायला लावलं. भावानं सहाही सत्रांच्या गुणपत्रिकांच्या झेरॉक्स जोडल्या. अर्ज अडकला. कारण असं की तिसऱ्या सत्रात एका विषयात एटीकेटी लागली होती आणि ती पुढच्या वेळेस सुटली. भावानं सुटल्यानंतरची गुणपत्रिका तेवढी जोडली होती, नापासाची घरात कोणी जपून ठेवलीच नव्हती. परीक्षा विभागाला प्रत्येक प्रयत्नाची नोंद जुळवायची असते. नापासाची गुणपत्रिका आपण लाजेनं फाडून टाकतो, पण ट्रान्स्क्रिप्टच्या वेळी ती पासाच्या गुणपत्रिकेइतकीच लागते. शेवटी दुय्यम गुणपत्रिकेसाठी वेगळा अर्ज करावा लागला आणि सगळं मिळून दोन महिने गेले. तुझ्या बाबतीत असं काही असेल तर आत्ताच मोजून बघ: सत्रं किती, प्रयत्न किती, हातात कागद किती.

दुसरी अडचण नावाची, आणि ती आपल्याकडे लग्न झालेल्या जवळजवळ प्रत्येक मुलीला येते. गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि बरेचदा आईचंही नाव असतं. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. परदेशातल्या माणसाला ही दोन वेगळ्या बायकांची नावं वाटतात, आणि त्यात त्याची चूक नाही. काही मुली घाबरून गुणपत्रिकेवरचं नाव बदलून घ्यायला विद्यापीठात जातात. त्याची गरज नाही. तू ज्या नावानं शिकलीस तेच त्यावर राहणार. मूल्यांकनाच्या खात्यात आधीचं नाव भर आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोड. लग्नाची नोंदणी अजून केली नसेल तर ते काम सर्वात आधी. राजपत्रात नाव बदलून घेतलं असेल तर तीही प्रत चालते. विद्यापीठाच्या अर्जावर मात्र गुणपत्रिकेवरचंच नाव, पीआरएन क्रमांक आणि परीक्षेचं सत्र लिही. तिथे सासरचं नाव घातलंस तर नोंद सापडणारच नाही.

आणि हे विचारायलाच हवं: पदवी प्रमाणपत्र तुझ्याकडे आहे का? उत्तीर्ण झाल्याचं तात्पुरतं प्रमाणपत्र नव्हे, दीक्षान्त समारंभानंतर मिळणारं ते. आपल्याकडे नोकरीला गुणपत्रिकेवर भागतं, म्हणून पदवीचा अर्जच न केलेली किंवा अर्ज करून ती कॉलेजातून न नेलेली मुलं खूप आहेत. आमच्या ऑफिसच्या एका कपाटात अशा पदव्यांचे गठ्ठे होते. माझ्या डोळ्यांसमोर एका बाईंनी अकरा वर्षांनी आपली पदवी त्या गठ्ठ्यातून उचलली आणि तिथेच बाकावर बसून रडल्या. तुझी पदवी नसेल तर आधी कॉलेजच्या ऑफिसात विचार, मग विद्यापीठात. डिजिलॉकरमध्येही बघ, बऱ्याच विद्यापीठांनी अलीकडच्या पदव्या तिथे उपलब्ध करून दिल्या आहेत. पण तुझ्या वर्षाची तिथे सापडली म्हणून पाकिटाची जागा ती घेणार नाही. मूल्यांकन करणाऱ्या संस्थेनं सांगितलेल्या मार्गानंच जा.

घाईबद्दल एवढंच: कॅनडाच्या इमिग्रेशनसाठी हे मूल्यांकन दिल्या तारखेपासून पाच वर्षं धरलं जातं. नवरा मुख्य अर्जदार असेल तर तुझ्या शिक्षणाचे जास्तीत जास्त दहा गुण त्याच्या खात्यात जमा होतात, आणि मूल्यांकनाशिवाय तुझ्या पदवीचे शून्य. म्हणून काम करून घे, पण त्यासाठी रात्रीची झोप घालवू नकोस. विद्यापीठात अर्ज करशील तेव्हा दोन जादा बंद पाकिटं मिळतात का ते विचार. पुढे शिकायचं ठरलं तर तीच उपयोगी पडतील.

मग संघाच्या नोंदणीचा काही फायदा आहे का? आहे, पण वेगळ्या जागी.

ट्रान्स्क्रिप्टला लागणाऱ्या बारीकसारीक गोष्टी बरेचदा कॉलेजातच सापडतात. जनरल रजिस्टरमधला तुझा क्रमांक, हरवलेल्या गुणपत्रिकेची ऑफिस प्रत, इंग्रजी माध्यमातून शिकल्याचा दाखला, तुझ्या वर्षीचा अभ्यासक्रम. पुढे कधी परदेशात प्रवेश घ्यायचा झाला तर एखादं विद्यापीठ तुझ्या विषयांचा अभ्यासक्रम सही-शिक्क्यासह मागतं. 2014 ते 2017 चा अभ्यासक्रम आज संकेतस्थळावर असेलच असं नाही, तो बदलून गेलेला असतो. विभागातल्या एखाद्या सरांच्या कपाटात मात्र तो छापील स्वरूपात असतो. हे दाखले मागण्याचा हक्क तुला सभासद नसतानाही आहे. संघामुळे इतकंच होतं की कोणाकडे जायचं हे कळतं आणि फोन उचलणारं माणूस तुला ओळखत असतं. हजार रुपयांच्या मोबदल्यात मी त्याला कमी लेखणार नाही, पण त्याला सेवा म्हणून विकणंही मला पटत नाही.

नवऱ्याच्या शंकेकडे येते. मेसेज आत्ताच का आला असेल? नॅकच्या मूल्यांकनात पाचव्या निकषाखाली माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा एक स्वतंत्र मुद्दा आहे. संघाची अधिकृत नोंदणी झालेली आहे का आणि माजी विद्यार्थ्यांनी पैशानं किंवा इतर मार्गानं काय हातभार लावला, हे कॉलेजला दाखवावं लागतं. म्हणून नॅकच्या तयारीत कॉलेजं जुन्या मुलांना शोधतात. यात लपवण्यासारखं काही नाही आणि कॉलेजला चांगला दर्जा मिळाला तर तुझ्या पदवीचंच नाव राहतं. पण पैसे कुठे जातात हे विचारण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे. महाराष्ट्रात असा संघ सहसा 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला असतो. पावतीवर नोंदणी क्रमांक असतो, बँक खातं संघाच्या नावे असतं, वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा होते आणि हिशेब मांडला जातो. पैसे एखाद्याच्या वैयक्तिक मोबाइल क्रमांकावर पाठवायला सांगत असतील तर थांब आणि पावती माग. नावनोंदणीच्या अर्जात आधार क्रमांक विचारला असेल तर तो रिकामा ठेव. सभासदत्वाला त्याची गरज नाही. वर्गणी न भरता नुसती नावनोंदणी करता येते का, हेही विचार. पुष्कळ ठिकाणी येते.

2020 चा फॉर्म वेगळा होता. त्या वर्षी पुणे पदवीधर मतदारसंघाची विधान परिषदेची निवडणूक होती आणि सातारा जिल्हा त्यात येतो. तो मतदार नोंदणीचा अर्ज, फॉर्म 18. ती यादी प्रत्येक निवडणुकीला नव्यानं तयार होते, म्हणजे एकदा भरला की झालं असं नाही. तिसरी एक नोंदणी विद्यापीठाकडे असते, 'नोंदणीकृत पदवीधर' म्हणून. तिच्यातून विद्यापीठाच्या अधिसभेवर दहा प्रतिनिधी निवडले जातात. ट्रान्स्क्रिप्टला किती दिवस लागावेत, शुल्क किती असावं, असले प्रश्न विचारण्याची जागा ती अधिसभा आहे. तुझ्यासारख्या रांगेत उभ्या राहिलेल्या मुलींनी त्या यादीत नाव घातलं तर मला फार बरं वाटेल. पण तिन्ही कागद वेगळे आणि तिन्ही ठिकाणंही वेगळी.

ग्रंथालय हा माझा विषय, म्हणून थोडं थांबते. बसू देतील का? बहुतेक देतील. माजी विद्यार्थ्याला वाचनकक्ष खुला असणं ही बऱ्याच कॉलेजांत रूढ गोष्ट आहे. मात्र तो निर्णय ग्रंथालय समितीचा असतो आणि प्रत्येक ठिकाणी नियम निराळे. काही ठिकाणी संघाचं ओळखपत्र दाखवलं की पुरतं, काही ठिकाणी वर्षाचं थोडं शुल्क असतं. पुस्तक घरी न्यायचं तर परत मिळणारी अनामत रक्कम ठेवावी लागते. परीक्षेच्या महिन्यात आधी चालू विद्यार्थ्यांना जागा, आणि तसंच असायला हवं. म्हणून ग्रंथपालांना भेटून दोनच गोष्टी विचार: कोणत्या वेळेत गर्दी नसते आणि परीक्षेच्या काळात काय करायचं. आयईएलटीएसचा श्रवणाचा सराव वाचनकक्षात हेडफोन लावून होईल, पण बोलण्याचा सराव तिथे होणार नाही. तो घरीच करावा लागेल.

एक अपेक्षा मात्र ठेवू नकोस. कॉलेजात असताना एन-लिस्टचं लॉगिन होतं, त्यावर घरबसल्या नियतकालिकं आणि ई-पुस्तकं वाचता यायची. ते लॉगिन चालू विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी असतं. माजी विद्यार्थी म्हणून नोंदणी केल्यानं ते परत मिळत नाही. ग्रंथपाल अडवणूक करतात असा समज मी खूप ऐकला, पण ती प्रकाशकांच्या कराराची अट आहे. कोणाचं तरी लॉगिन उसनं घेऊन काम भागवू नकोस, त्यानं त्या मुलाचं खातं बंद होतं. संशोधन लेख वाचायचे असतील तर जेस्टोरवर वैयक्तिक खातं मोफत काढता येतं आणि महिन्याला शंभरपर्यंत लेख ऑनलाइन वाचता येतात. भारतातले प्रबंध शोधगंगावर खुले आहेत. आणि कॉलेजच्या वाचनकक्षात जमलं नाही तर साताऱ्याचं शासकीय जिल्हा ग्रंथालय किंवा कराडातलं एखादं सार्वजनिक वाचनालय बघ.

आता तुझा शेवटचा प्रश्न. तो वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ तशीच बसले. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात व्यासपीठावर फौजदार, डॉक्टर, उद्योजक बसतात. त्यामुळे ही यादी त्यांचीच आहे असं वाटतं, आणि ही चूक आम्ही संघवाल्यांनी केलेली आहे. पण दप्तरात मी पाहिलं आहे, लोक एकमेकांना कशासाठी शोधतात. पुण्यात नव्यानं आलेल्या मुलीला खोली हवी होती, ती तिच्याच कॉलेजच्या एका गृहिणीनं मिळवून दिली. औषध कंपनीत मुलाखतीला निघालेल्या मुलानं त्याच कंपनीच्या पॅकिंग विभागात काम करणाऱ्या सिनिअरला फोन केला आणि त्याला कळलं की तिथे पहिली फेरी लेखी असते. व्यासपीठावरच्या माणसाला हे माहीत नव्हतं.

तुला आत्ता नेमकं काय हवं आहे? गेल्या एक-दोन वर्षांत शिवाजी विद्यापीठाचं पाकीट कॅनडाला पाठवलेलं कोणीतरी. संघाच्या सचिवांना किंवा बॅचच्या ग्रुपवर असंच लिही: 'मी 2017 ची बी.एस्सी. मूल्यांकनासाठी ट्रान्स्क्रिप्ट पाठवायचं आहे. अलीकडे कोणी पाठवलं असेल तर अर्ज कोणत्या खिडकीवर दिला आणि किती दिवस लागले, एवढं सांगाल का?' असा प्रश्न विचारला की लोक उत्तर देतात, कारण ते दोन ओळींत देता येतं. 'कॅनडाबद्दल मार्गदर्शन करा' असं लिहिलंस तर कोणी काही बोलणार नाही, आणि 'तिकडे नोकरी बघा ना' असं लिहिलंस तर माणूस ग्रुप म्यूट करतो. तुझं काम झालं की किती दिवस लागले, काय अडलं, ते तिथेच लिहून टाक. पुढच्या वर्षी तुझ्यासारखीच कोणीतरी तेच विचारणार आहे, आणि तेव्हा त्या यादीत सर्वात कामाचं माणूस तू असशील.

नाव लिहिताना माहेरचं नाव आधी लिही आणि सासरचं पुढे. नुसतं सासरचं लिहिलंस तर तुझ्या वर्गातल्या मुलीसुद्धा तुला शोधू शकणार नाहीत. आमच्या यादीत अशा कितीतरी बायका होत्या, ज्यांना विचारत आलेल्या जिवलग मैत्रिणींना आम्ही 'नोंद नाही' म्हणून परत पाठवलं. ई-मेल कंपनीचा देऊ नकोस, स्वतःचा दे. नोकरी बदलली की तो पत्ता जातो.

सोमवारी आधी घरातले कागद मोज, मग कॉलेजात जा. ऑफिसात पदवी प्रमाणपत्राची चौकशी कर, ग्रंथालयात वेळ विचार आणि वाटेत संघाच्या खोलीत पावती बघून मग वर्गणीचं ठरव. कोल्हापूरला जाण्याआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर परीक्षा विभागाचा ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज आणि शुल्क पाहून घे, आणि बॅगेत भरलेला फॉर्म, सगळ्या प्रयत्नांच्या गुणपत्रिकांच्या दोन-दोन झेरॉक्स, ओळखपत्र आणि विवाह प्रमाणपत्र ठेव. एखाद्या सत्राची गुणपत्रिका सापडली नाही तर मला परत लिही, दुय्यम प्रतीचं सविस्तर सांगेन.